पहिल्या सात खाटा

भिंगवाल्या काकूंचा उजवा डोळा डाव्यापेक्षा बारीक आहे, असं बाजारातले लोक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. एकतीस वर्षं त्या डोळ्याच्या खाचेत भिंग धरून घड्याळं उघडली, की डोळा तरी किती दिवस आपला मूळ आकार सांभाळणार? काकूंना मात्र त्याचं काही वाटत नाही. उलट, "मला दोन प्रकारचे डोळे आहेत, एक जगासाठी आणि एक कामासाठी," असं त्या गिऱ्हाइकाला ऐकवतात.

त्यांचं दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं आपटतं, म्हणून काकू उभ्या राहतच नाहीत. समोर काचेचं टेबल, त्यावर पांढरा कागद, म्हणजे सुटलेला स्क्रू दिसावा. एका बाजूला सेलचे बावीस खण. हा धंदा त्यांना सासूने शिकवला. लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात सासूने त्यांच्या हातात चिमटा ठेवला आणि म्हणाली, "स्वयंपाक काय, कोणीही करतं. हे धर." नवरा तेव्हापासून स्वयंपाक करतो आणि चांगला करतो.

सासूची एक पितळी पट्टी अजून काकूंच्या हाताशी असते. तिला ओळीने भोकं पाडलेली आहेत, प्रत्येक भोक एकेका सेलच्या मापाचं. घड्याळातून निघालेला सेल ज्या भोकात चपखल बसेल, त्या भोकात बसणारा नवा सेल काढायचा. सेलच्या पाठीवरचे आकडे मुंगीच्या पायाएवढे, शिवाय एकाच मापाला प्रत्येक कंपनीचं वेगळं नाव. पट्टीला नावाशी कर्तव्य नाही. काकूंचा त्या पट्टीवर देवापेक्षा थोडा जास्तच विश्वास.

त्या दिवशी दुपारी एक-सव्वाला काकू डबा उघडणार, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या छोट्या हॉस्पिटलातली सिस्टर धावत आली. पोरगी पंचविशीची, एरवी चालता चालता दहा जणांशी बोलणारी. आज डोळे सुजलेले, काखेत एक जाड रजिस्टर, हातात दोन थर्मामीटर.

"काकू, हा बिघडलाय," तिने त्यातला निळ्या टोपीचा थर्मामीटर टेबलावर ठेवला. "बिघडलाय असं तुम्ही सांगा. चार वाजता मोठ्या डॉक्टरांनी बोलावलंय मला. बहुतेक काढूनच टाकणार."

"आधी बस. पाणी पी. मग सांग."

पाणी न पिताच तिने सांगितलं. संध्याकाळी पाचचा राउंड तिचा असतो. वीस खाटा, एकामागोमाग एक, प्रत्येकाचा ताप बघून रजिस्टरात लिहायचा. आठ दिवसांपूर्वी चौदा नंबरच्या बाईच्या नावापुढे तिने अठ्ठ्याण्णव पूर्णांक आठ लिहिलं. दोन तासांनी मोठ्या डॉक्टर आल्या, बाईच्या कपाळाला हात लावला आणि दचकल्या. त्यांच्या स्वतःच्या थर्मामीटरवर एकशे दोन. ऑपरेशनच्या टाक्यात पू धरला होता. वेळेत कळलं म्हणून निभावलं, बाई आता बरी आहे. पण त्यानंतर डॉक्टरांनी रोज सिस्टरच्या मागून गुपचूप ताप तपासायला सुरुवात केली.

"आणि काय निघालं, सांगू? पहिल्या सहा-सात खाटांचं माझं बरोबर आणि पुढचं सगळं चूक. सगळं कमी. मॅडम म्हणाल्या, पहिल्या सहा-सात खाटा मोजायच्या आणि बाकीच्या कंटाळा आला की मनाने भरायच्या, ही पद्धत त्यांना माहीत आहे." सिस्टरने रजिस्टर उघडून टेबलावर ठेवलं. "काकू, मी एकही खाट सोडत नाही हो. आईची शपथ."

"अगं, पण त्यांनी हा थर्मामीटर तपासला नाही का?"

"तपासला की. सकाळी, माझ्यासमोर. एकदम बरोबर दाखवला."

काकूंनी भिंग डोळ्यात बसवलं, तेव्हा त्यांना मनातून वाटत होतं की पोरीने खरंच खाटा सोडल्या असाव्यात. तरुण माणूस, पाय दुखत असतील. पण तोंडावर त्यांनी तसं दाखवलं नाही. टोपी फिरवली. रबराची कडी असलेली, पाणी आत जाऊ नये अशी घट्ट टोपी होती ती. प्लॅस्टिकच्या चिमट्याने सेल बाहेर काढला, कारण लोखंडी चिमट्याने दोन्ही बाजू एकदम धरल्या की चांगला सेलही उगाच उतरतो. मीटरच्या दोन सुया सेलला लावल्या. एक पूर्णांक अडतीस व्होल्ट.

"जरा कमी आहे, पण मेलेला नाही," काकू म्हणाल्या.

सेल परत आत, टोपी बंद. काकूंनी चहाच्या थर्मासमध्ये शेजारच्या हॉटेलातून कोमट पाणी आणवलं. निळ्याचं आणि सिस्टरने ताडून बघायला आणलेल्या दुसऱ्या थर्मामीटरचं टोक त्यात बुडवलं. थोड्या वेळाने दोघांनीही टुंक केलं. निळा, एकशे एक पूर्णांक दोन. दुसरा, एकशे एक पूर्णांक दोन.

सिस्टरचा चेहरा पडला. बिघडलेला निघाला असता तर ती सुटली असती. बरोबर निघाला, म्हणजे खोटी ती. तिने रजिस्टर उचललं आणि उठली. "जाते मी," एवढंच म्हणाली.

काकूंच्या जागी दुसरं कोणी असतं तर "काळजी घे" म्हणून डबा उघडला असता. पण काकूंचं लक्ष रजिस्टरच्या उघड्या पानावर गेलं होतं. त्यांनी ते तिच्या हातातून ओढूनच घेतलं.

"थांब. हे आकडे मनाने भरलेले नाहीत."

"तेच तर मी सांगतेय."

"तू सांगतेयस ते वेगळं. आकडे सांगतायत ते बघ." काकूंचं बोट पानावरून खाली सरकत गेलं. डॉक्टरांनी तांबड्या शाईने शेजारी स्वतःचे आकडे लिहिले होते. सातव्या खाटेपर्यंत फरक नाही. नवव्याला पाव डिग्री. बाराव्याला एक डिग्रीच्या जवळपास. सोळाव्याला दोनच्या वर. पुढचं पान, तेच. त्याच्या पुढचं, तेच. "मनाने भरणारा माणूस इतकं शिस्तीत खोटं बोलत नाही गं. तो एकदा जास्त भरेल, एकदा कमी. हे तर जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखं उतरतंय. रोज. हे यंत्राचं काम आहे."

आता काकूंच्या अंगात आलं. घड्याळ आपली खोड दाखवायला लागलं, की त्यांना असंच होतं, तहान-भूक जाते. त्यांनी डबा बाकाखाली सरकवला, दुकानाची फळी निम्मी लावली आणि हुकूम सोडला, "राउंड घ्यायचा. इथेच. मी थर्मास धरते, तो पेशंट. तू वीस खाटा घे, अगदी रोजच्यासारख्या. बंद कर, चालू कर, थांब, वाच, लिही."

हा थर्मामीटर एकदा पकडलेला सगळ्यात मोठा आकडा सोडत नाही, म्हणून दरवेळी तो बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. सिस्टरला हे पाठ होतं. तिने कागदावर दोन रकाने पाडले, निळा आणि दुसरा.

"खाट नंबर एक," ती म्हणाली. तिचा आवाज अजून रडका होता.

एक बरोबर. दोन बरोबर. पाण्याची उष्णता हळूहळू उतरत होती, पण दोन्ही थर्मामीटर हातात हात घालून उतरत होते. पाच. सहा. सात. मध्येच एक गृहस्थ मनगटावरचं घड्याळ घेऊन आले. त्याचा सेकंदकाटा चार-चार सेकंदांच्या उड्या मारत होता. "सेल संपत आला की ते असं सांगतं. भलं घड्याळ आहे, वेळ चुकवायच्या आधी सूचना देतंय. उद्या या," म्हणून काकूंनी त्यांना वाटेला लावलं. गिऱ्हाईक परत पाठवण्याची काकूंची ही या वर्षातली पहिली वेळ.

"खाट नंबर आठ. काकू."

"काय?"

"एक पॉइंट कमी."

"एका पॉइंटने काही होत नाही. पुढे."

नववी खाट, तीन पॉइंट. दहावी, पाच. सिस्टर आता टेबलावर इतकी वाकली होती की तिचं आणि काकूंचं डोकं एकमेकांना लागत होतं. बाराव्या खाटेला एक डिग्रीचा फरक पडला, तेव्हा ती हसायलाच लागली. रडून सुजलेल्या डोळ्यांनी कोणी इतकं हसताना काकूंनी पाहिलं नव्हतं. चौदाव्या खाटेला पाणी शंभर पूर्णांक चार होतं आणि निळा अठ्ठ्याण्णव पूर्णांक नऊ दाखवत होता.

"चौदा," सिस्टर हळूच म्हणाली. "त्या बाईचं असंच झालं."

विसावी खाट झाली तेव्हा फरक अडीच डिग्रीवर गेला होता. काकूंनी एक क्षणही वाया घालवला नाही. टोपी फिरवली, सेल काढला, मीटरच्या सुया लावल्या. एक पूर्णांक बारा. दोघी बघत राहिल्या, आणि बघता बघता आकडा हलला. एक पूर्णांक सोळा. एकवीस. सव्वीस. कोणी काही केलेलं नव्हतं. सेल नुसता टेबलावर पडला होता आणि आपोआप भरत होता.

एकतीस वर्षांत हजारो सेल काकूंच्या हाताखालून गेले. संपलेला सेल थोडा विसावला की जरा वर येतो, हे त्यांना माहीत होतं. पण हा तर पाण्यातून बाहेर काढलेल्या माणसासारखा धापा टाकत सावरत होता. हा श्वास घेतोय, असं त्यांच्या मनात आलं.

त्यांनी सेल उलटा केला. आतापर्यंत एकच बाजू बघितली होती, कुठे पांढरी बुरशी धरली आहे का तेवढंच. आता भिंगातून दुसरी, अधिकची बाजू दिसली. तिथे सुईच्या टोकाएवढी चार भोकं होती.

"हा थर्मामीटरचा सेलच नाही," काकू म्हणाल्या. "हा कानाच्या मशीनचा आहे."

मग त्यांनी सिस्टरला समजावलं, आणि समजावताना उत्साहाने त्यांचे हात टेबलावरचं सगळं पाडत होते. कानाच्या मशीनचा सेल हवेवर चालतो. वरचं चिकटलेलं कागदाचं लेबल काढलं की भोकांतून हवा आत जाते आणि वीज तयार होते. कानाच्या मशीनला हवा मिळते. इथे घट्ट जागा, वर पत्रा भोकांवर दाबून बसलेला, त्यावर रबराची टोपी. आतली चिमूटभर हवा पहिल्या सहा-सात खाटांना पुरते. मग सेलचा जीव गुदमरतो आणि व्होल्ट उतरतात. रात्रभर पडून राहिला की फटीतून थोडी थोडी हवा शिरते आणि सकाळी तो पुन्हा शहाणा.

"म्हणून मॅडमना सकाळी बरोबर दिसला," सिस्टर म्हणाली.

"म्हणूनच."

"पण काकू, सेल कमी झाला तर थर्मामीटर बंद पडायला हवा ना? खोटं का बोलतो?"

"अगं, त्याला ताप कळतच नाही. टोकाला एक मणी आहे, तो गरम झाला की त्यातून वीज सोपी जाते. किती सोपी गेली, ते हा आतल्या एका ठरलेल्या मापाशी ताडून बघतो आणि आकडा सांगतो. ते माप सेलच्या जोरावर उभं असतं. सेल खचला की मापच खचतं, आणि हा बिचारा खचलेल्या मापाने प्रामाणिकपणे मोजत बसतो. या थर्मामीटरचा आकडा खाली येतो, दुसऱ्या एखाद्याचा वरही जाईल. सेल कमी असल्याची खूण हा देतो, पण फक्त चालू करताना तपासतो. त्या घटकेला सेल जरा विसावलेला असतो, त्यामुळे खूण येत नाही."

"मग त्यात घालायचा कोणता?"

"एलआर एकेचाळीस." काकूंनी खणातून एक काढला, मीटरला लावला. दीड व्होल्टच्या थोडा वर. "दोघांचं माप बघ. पाऊण सेंटीमीटरच्या जरा वर, एकसारखे गोल, एकसारखे जाड. डोळे मिटून हातात दिले तर मलाही..."

आणि तिथे काकू थांबल्या. कारण त्यांच्या डाव्या हातात टोपी होती, भिंग डोळ्यात होतं, आणि टोपीच्या आतल्या बाजूला एक बारीक खूण कोरलेली होती. घड्याळ उघडलं की झाकणाच्या आत सुईने आपली खूण आणि तारीख कोरायची, ही घड्याळजींची जुनी रीत. पुढच्याने उघडलं तर त्याला कळावं, आधी कोणाचा हात लागला होता. ही खूण सासूची होती, आता काकूंची. शेजारी पाच आठवड्यांपूर्वीची तारीख.

त्यांना सगळं आठवलं. त्या दिवशी हॉस्पिटलचा वॉर्डबॉय थर्मामीटर घेऊन आला होता. त्याच्या आधी ड्रॉइंगचे निवृत्त मास्तर येऊन गेले होते, कानाच्या मशीनसाठी. काकूंनी दोन सेलची लेबलं काढली आणि मास्तर म्हणाले, एकच द्या, डावा कान चालू आहे. लेबल काढलेला तो दुसरा सेल पांढऱ्या कागदावर राहिला. वॉर्डबॉयला घाई होती. पितळी पट्टीच्या भोकात सेल टाकून बघितला, चपखल बसला. मीटरला लावला, एक पूर्णांक बेचाळीस, म्हटलं जुना साठा असेल. पट्टीने माप सांगितलं होतं. जात पट्टी सांगतच नाही, ती काकूंनी सांगायची होती.

"काय झालं?" सिस्टरने विचारलं.

"काही नाही. वेळ होतोय. नव्या सेलवर वीस खाटा घे."

वीसच्या वीस बरोबर निघाल्या. सिस्टर प्रत्येक खाटेला आनंदाने आकडा ओरडून सांगत होती आणि काकू नुसत्या लिहीत होत्या. साध्या डोळ्याला ती खूण दिसणार नव्हती. भिंगाशिवाय तो एक ओरखडा होता. तो खरवडून टाकायला हाताशी सुईही होती.

चारला दहा कमी असताना काकूंनी भिंग आणि चिमटा पिशवीत टाकून दुकान बंद केलं. "मीही येते," त्या म्हणाल्या. सिस्टर रस्ताभर बोलत होती, आठ दिवसांचं सगळं तुंबलेलं. काकूंचे पाय चालत होते आणि मन दोन-दोन पावलं मागे जात होतं. हॉस्पिटलचं काम गेलं तर गेलं. पण बाजारात उद्या लोक म्हणतील, भिंगवाल्या काकूंनी कानाचा सेल थर्मामीटरात घातला. सासूच्या खुणेखाली.

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत पंखा फुल्ल चालू होता. डॉक्टरांनी दोन्ही कागद बघितले, मग रजिस्टर, मग पुन्हा कागद. सेल उलटा करून दिव्याखाली धरला. त्या हुशार बाई होत्या. त्यांना भोकं दाखवल्यावर पुढचं सांगावं लागलं नाही.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "माझं चुकलं. मी तुमच्याबद्दल भलतंच बोलले." मग काकूंकडे वळल्या. "पण हा सेल घातला कोणी? असल्या माणसाच्या हातात आमच्या वस्तू द्यायला नकोत."

"तुमच्यासमोरच उभी आहे," काकू म्हणाल्या. "टोपीच्या आत माझी खूण आहे. भिंग लावा, दिसेल. पाच आठवड्यांपूर्वी मीच घातला. माप जुळलं म्हणून जात बघितली नाही."

डॉक्टरांनी खरंच भिंग मागून घेतलं, टोपी बघितली आणि टेबलावर ठेवली. "बाकीचे थर्मामीटर तपासून द्याल?" त्यांनी विचारलं. "सगळे. आजच."

"देते."

बाहेर व्हरांड्यात सिस्टर भिंतीला टेकून उभी होती. हसत नव्हती.

"तुम्हाला दुकानातच कळलं होतं ना?"

"हो."

"मला सांगितलं नाहीत."

"नाही. मला धीर झाला नाही गं. रस्त्यातसुद्धा झाला नाही."

"आठ दिवस मी घरी नीट जेवले नाही, काकू. आईला वाटलं, मी कोणाच्या प्रेमात पडले."

काकू माफ कर म्हणाल्या, तेही फार हळू. सिस्टरने डोळे पुसले आणि त्यांच्या हातातली पिशवी ओढून घेतली. त्यात आता डॉक्टरांनी दिलेले वॉर्डातले आणखी नऊ थर्मामीटर होते.

"हे सगळे आत्ता उघडायचे," ती म्हणाली. "माझ्यासमोर. प्रत्येक सेल उलटा करून मला दाखवायचा, मगच घालायचा."

"दाखवते."

"आणि राउंडला उशीर झाला तर मॅडमना तुम्ही सांगायचं."

काकूंनी तिथल्याच बाकावर पांढरा रुमाल पसरला, भिंग डोळ्यात बसवलं आणि पहिली टोपी फिरवली. सिस्टर शेजारी बसली, अगदी खांद्याला खांदा लावून. काकूंनी सेल चिमट्यात धरून उलटा केला आणि तिच्या डोळ्यांसमोर नेला. भोकं नव्हती. तिने तरी दोनदा बघितलं आणि म्हणाली, "घाला."